बेंजीच्या भागात आधी कालपट्टी हाताशी घ्यावी का?

कोरंपान:
फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ कादंबरीचा पहिला भाग, मतिमंद बेंजीच्या तोंडचा, तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा कुंपणापाशीच अडकलो. बेंजीला सांभाळणारा लस्टर हरवलेलं नाणं शोधतोय, मध्येच कडाक्याची थंडी, मग पुन्हा धोतऱ्याचं फूल. कोण कधी बोलतंय तेच उमगत नाही. घटनांच्या तयार कालपट्ट्या मिळतात. त्या समोर ठेवून वाचावं की न कळता पुढे रेटावं?

नकाशावाला:
समोर ठेवा, त्यात कमीपणा कसला? खुद्द फॉकनरला प्रत्येक काळासाठी वेगळ्या रंगाची शाई हवी होती. 1929 मध्ये ते शक्य झालं नाही, पण 2012 मध्ये फोलिओ सोसायटीने हा भाग 14 रंगांत छापला. वाचकाला मदत लागणार हे लेखकालाच ठाऊक होतं. मग आपण उगाच चाचपडायचं कशाला? आधी पट्टी पाठ करा: 1898 मध्ये आजीचा मृत्यू, 1900 मध्ये मॉरीचं नाव बदलून बेंजी, 1910 मध्ये बहीण कॅडीचं लग्न आणि त्याच वर्षी भाऊ क्वेंटिनची आत्महत्या, 1912 मध्ये वडील गेले, आणि चालू दिवस 7 एप्रिल 1928. एवढं डोक्यात बसलं की भाग सोपा आहे.

समासातली शाई:
रंगांचा दाखला अर्धाच दिलात. रंग फक्त सांगतो की काळ पालटला. त्या काळात काय झालं ते रंग सांगत नाही, पट्टी मात्र सगळं सांगून मोकळी होते. शिवाय 1929 मधलीच दुसरी गोष्ट बघा. प्रुफं तपासताना संपादक बेन वॉसनने काळ पालटल्याची खूण असलेलं इटॅलिक, म्हणजे तिरपा टाइप, काढून त्या जागी मोकळ्या ओळी सोडल्या. फॉकनर वैतागला. त्याने इटॅलिक परत घातलं, वर काही ठिकाणी वाढवलं. मोकळी ओळ सोडली की वाचक थांबून नवा प्रसंग सुरू झाल्याचं समजतो. बेंजीच्या बाबतीत तसा थांबा नाहीच, कारण त्याच्या लेखी 1928 आणि 1898 यांच्यात अंतरच नाही.

कोरंपान, पट्टीऐवजी पेन्सिल घ्या आणि पहिल्या वाचनात एकच काम करा: बेंजीला सांभाळणारा मुलगा कोण, त्याच्या नावाभोवती गोल करा. वर्श असेल तर बेंजी लहान आहे. टी. पी. असेल तर तो वाढत्या वयाचा किंवा नुकताच मोठा झालेला आहे. लस्टर असेल तर 1928, बेंजी 33 वर्षांचा. वर्ष शोधू नका, या तीन थरांवर भागेल. वर्श आणि लस्टर एकाच संवादात बोलताहेत असं वाटलं, तर मधला एक सांधा तुमच्या नजरेतून सुटलाय. मागे जा आणि दोघांच्या मधल्या ओळी पुन्हा वाचा.

सरळरेषा:
इतकी उठाठेव नको. नियम साधा आहे. इटॅलिक म्हणजे भूतकाळ, सरळ टाइप म्हणजे वर्तमान. मी तसंच वाचतो.

समासातली शाई:
हा नियम दुसऱ्याच पानावर मोडतो, आणि बहुतेक वाचक तिथेच हरवतात. खिळ्याचा प्रसंग घेऊ.

लस्टर आणि बेंजी कुंपणातून सरपटत निघतात. बेंजीचे कपडे खिळ्याला अडकतात आणि लस्टर वैतागतो, की तुला इथून एकदा तरी न अडकता येता येत नाही का. हे 1928, टाइप सरळ. पुढच्याच ओळीला इटॅलिक सुरू होतं आणि त्याला सोडवते कॅडी. मॉरीमामाने कुणाच्या नजरेस पडू नका असं सांगितलंय, म्हणून दोघं वाकून चालतात. ती त्याला हात खिशात ठेवायला सांगते, नाहीतर ख्रिसमसला गारठतील. इथे इटॅलिक संपतं. तुमच्या नियमाने आता 1928 मध्ये परत यायला हवं. पण पुढच्या सरळ टाइपच्या वाक्यात वर्श म्हणतोय की बाहेर फार थंडी आहे. म्हणजे आपण अजून त्याच हिवाळ्यात आहोत, आणि तेही थोडं आधी, घरात, बाहेर पडायच्या अगोदर.

पुढे 1928 मध्ये परततानाही बघा. लस्टर विचारतो, आता कशाला कण्हतोयस, आणि त्याच्या हातात धोतऱ्याचं फूल देतो. त्याचं हे बोलणं इटॅलिकमध्ये आहे. चालू दिवसच तिरप्या अक्षरांत!

तेव्हा इटॅलिकचा अर्थ इतकाच, की इथे रूळ बदलला. गाडी कुठे गेली ते पुढच्या दोन-तीन ओळींतली माणसं, थंडी-ऊन आणि अंधार-उजेड सांगतात. आणि प्रत्येक रूळबदलाला इटॅलिक आहेच असंही नाही.

सरळरेषा:
खिळ्याचं मान्य. पण मग इटॅलिकचा उपयोगच काय राहिला?

समासातली शाई:
कारण शोधायची जागा कळते, हा उपयोग. इटॅलिक दिसलं की एक ओळ मागे जा आणि शेवटची वस्तू किंवा हालचाल बघा. खिळा, फाटक, झोका, विस्तव, गॉल्फ खेळणाऱ्याने ‘कॅडी’ म्हणून मारलेली हाक. तीच वस्तू दोन्ही काळांत असते. खिळा दोन्हीकडे आहे, फक्त सोडवणारा हात वेगळा.

फाटकीप्रत:
माझी अडचण अजूनच वेगळी. माझ्याकडच्या ई-पुस्तकात इटॅलिक नाहीच, सगळा मजकूर एकसारखा. मला वाटत होतं संज्ञाप्रवाह, म्हणजे मनातले विचार येतील तसे मांडणं, म्हणतात तो हाच.

नकाशावाला:
फाइल सदोष आहे. खात्री करायची तर खिळ्याचंच पान उघडा. लस्टरचं करवादणं आणि कॅडीने सोडवणं एकाच टाइपात असेल तर प्रत बदला. हे पेन्सिलीने भरून निघणारं नाही.

दुसराभाग:
बेंजीच्या भागाला संज्ञाप्रवाह म्हणताय, त्यालाच माझी हरकत. तो विचार करतच नाही. त्याची वाक्यं वाचा: कर्ता, क्रियापद, पूर्णविराम. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांनाही तो प्रश्नचिन्ह देत नाही, कारण आवाजातला चढ त्याला निरर्थक आहे. तो ऐकतो आणि ‘म्हणाला’, ‘म्हणाली’ लावून नोंदवतो. विस्कटलाय तो क्रम, वाक्य शाबूत आहे. खरा संज्ञाप्रवाह दुसऱ्या भागात, 2 जून 1910 ला. तिथे क्वेंटिनचं वाक्यच फुटतं. कॅडीचा प्रियकर डाल्टन एम्सची आठवण आली की विरामचिन्हं गळतात, आणि वडिलांशी झालेल्या शेवटच्या बोलण्यात ‘मी’साठीचं इंग्रजी मोठं अक्षरही लहान होतं. विरामचिन्हं जितकी कमी, तितका तो वर्तमानापासून दूर. त्याला पट्टी काय करणार? माझं मत विचाराल तर बेंजीचा भाऊ जेसनच्या तिसऱ्या भागापासून सुरू करा. 6 एप्रिल 1928, घटना सरळ रांगेत. माणसं ओळखीची झाली की मागे या.

समासातली शाई:
वाक्याबद्दलचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. तिसऱ्या भागापासून सुरुवात मात्र मला पटत नाही. जेसनच्या तोंडून कॅडी आधी ऐकली की ती एक बदफैली बहीण ठरते, आणि मग बेंजीची झाडांचा वास येणारी कॅडी त्या निकालावरचं नुसतं अपील होऊन बसते. फॉकनरने बेंजीला पहिलं ठेवलंय, कारण तो निकाल देऊच शकत नाही.

दुसराभाग:
अपीलच सही. कुंपणापाशी पुस्तक बंद करण्यापेक्षा ते परवडलं.

कोरंपान:
पेन्सिल घेऊन पंचवीस पानं झाली. खिळ्याचा सांधा कळला. आता दोन ठिकाणी अडलोय. एक, झोक्यावर क्वेंटिन आहे आणि लगेच कॅडी आहे. दुसरं, लस्टर चक्क लहान मुलासारखा रिळांसाठी भांडतोय. लस्टर म्हणजे 1928 ना?

समासातली शाई:
दुसऱ्या ठिकाणी माझाच नियम तोकडा पडतो, आधीच सांगायला हवं होतं. लस्टर *सांभाळणारा* असेल तरच 1928. मातीत खेळताना, रिळांवरून क्वेंटिनशी भांडताना आणि त्याची आई फ्रोनीने डबा दिल्यावर गप्प होताना तो स्वतःच लहान आहे. हा काळ 1912 च्या आसपासचा. आणि इथली क्वेंटिन मुलगी आहे, कॅडीची लेक. मामा क्वेंटिन 1910 मध्येच गेलाय. नावाने चकवा पडेल, म्हणून समासात ‘मामा’ किंवा ‘भाची’ लिहीत चला.

झोक्याचंही त्यातूनच सुटतं. लस्टर बजावतो की मिस क्वेंटिन चिडेल, तिकडे जाऊ नकोस. ही भाची, दिवसाउजेडी. बेंजी झोक्याकडे जातो आणि अंधारातून पांढरी दिसणारी कॅडी धावत येते. सोबतच्या चार्लीला घालवून ती घरात साबणाने तोंड धुते. मग लस्टरचा आवाज परत, झोक्यावरची दोघं दचकून उठून बसतात, भाची केस सावरते आणि तिच्या मित्राच्या गळ्यात लाल टाय आहे. चार खुणा: मिस, अंधार, साबण, लाल टाय. वर्ष कुठेच लिहिलेलं नाही आणि लागतही नाही.

नकाशावाला:
पण ‘मामा 1910 मध्येच गेला’ हे तुम्ही कुठून आणलंत? पट्टीतूनच ना! पहिल्या भागात ते कुणी सरळ सांगत नाही. मी तेच म्हणत होतो.

समासातली शाई:
बरोबर पकडलंत. दोन क्वेंटिन आहेत एवढं आधी सांगायला माझी हरकत नाही. त्यापुढचं मात्र नको. विशेषतः 1946 ची पुरवणी आधी वाचू नका. त्या वर्षीच्या मॉडर्न लायब्ररी आवृत्तीत ती चक्क सुरुवातीला छापलीय, पण ती कादंबरीशीच जुळत नाही. कादंबरीत भाची झाडावरून उतरून पळते, पुरवणीत पन्हळीच्या पाइपवरून. कादंबरीत जेसन चोरीला गेलेली रक्कम तीन हजार डॉलर सांगतो, पुरवणीत ती सात हजारांच्या जवळ जाते. पुरवणी घोकून गेलात तर झाडाचा सांधा हमखास हुकेल. 1898 मध्ये खालून सगळे बघत असताना कॅडी जे नासपतीचं झाड चढते, त्याच झाडावरून 1928 मध्ये भाची उतरते.

नकाशावाला:
पुरवणी सोडली. पट्टी नाही सोडत. शेवटच्या काही पानांत 1928 चं रात्रीचं जेवण आणि 1900 ची नाव बदलल्याची संध्याकाळ एकाच विस्तवासमोर एकमेकांत विणलीय, उड्या चार-पाच ओळींच्या होतात. तिथे तुमची पेन्सिल पुरणार नाही.

कोरंपान:
तिथवर पोचलो की सांगतो. सध्या समासात ‘भाची’ लिहिलंय तीनदा, आणि एकदा खोडून ‘मामा’.