मदत हवी आहे: लिनिअर प्रोबिंगमधे क्लस्टर का वाढतच जातो?

मंडळी, सेकंड इयरला आहे, ऐरोलीला राहतो. हॅश टेबलवर अडलोय. १० खाने, `h(k) = k % 10`, कीज या क्रमाने टाकल्या:

| की | हॅश | लिनिअरमधे बसली | किती खाने बघितले |
|---|---|---|---|
| २३ | ३ | ३ | १ |
| ४३ | ३ | ४ | २ |
| १३ | ३ | ५ | ३ |
| २४ | ४ | ६ | ३ |
| ३५ | ५ | ७ | ३ |

चेनिंगमधे ३ वर २३→४३→१३ अशी लिस्ट होते, पण २४ आणि ३५ आपापल्या घरी एकटेच, त्यांना या गर्दीचा काही त्रास नाही. लिनिअरमधे मात्र २४ ची ३ शी टक्कर नसतानाही तिला फटका बसतो, सीएसएमटी लोकलमधे एकाने भलत्याच सीटवर बसावं आणि पुढे सगळ्यांनीच सरकत जावं तसं 😅

आता टेबल अर्धंच भरलंय, तरी पुढची की ३ ते ८ पैकी कुठेही हॅश झाली तरी ८ वरच जाणार, म्हणजे चान्स ६/१०, बाकी रिकाम्या खान्यांना फक्त १/१०. हे बरोबर आहे ना?

आणि मुख्य प्रश्न, १ ऐवजी ३ च्या उड्या मारल्या तर क्लस्टर खरंच फुटतो का, की नुसता लांब लांब पसरून तसाच राहतो? मला दुसरं वाटतंय, कारण ३ वरून निघालेली की ६ ला पोचली की पुढे ६ वाल्यांच्याच वाटेने जाते. मग डबल हॅशिंगच लागेल का? ठाणे-ऐरोलीचं कोणी असेल तर भेटूनही समजून घेईन.