'हेज' म्हणजे नेमकं काय? पोर्टफोलिओ आणि निफ्टीचा पुट

स्नेहल_पुणे: ऑफिसात एकजण म्हणतो निफ्टीचा सपोर्ट तुटायला आलाय, पोर्टफोलिओ हेज करून ठेव. दुसरा म्हणतो मी १५ रुपयांचा पुट घेऊन हेज केलंय. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? मला घरच्यांसाठी मराठीत लिहून ठेवायचंय, तिथे 'विमा' लिहिलं तर चालेल?

राहुल७७: एकदम चालेल. प्रीमियम भरायचा, मार्केट पडलं की जेवढं नुकसान तेवढं पुट भरून देतो, विम्यासारखंच.

अनंत काका: राहुल, 'जेवढं तेवढं' नाही रे, इथेच लोक फसतात. स्नेहल, एक खरा चार्ट घेऊ. २१ नोव्हेंबर २०२४ ला निफ्टीने २३,२६३ चा तळ केला आणि उसळला, तो सगळ्यांचा सपोर्ट झाला. ९ जानेवारी २०२५ च्या आसपास निफ्टी पुन्हा २३,५०० ला, म्हणजे सपोर्ट हाताशी. पुट सुटा मिळत नाही, ठरलेल्या लॉटनेच घ्यावा लागतो; लॉट तेव्हा ७५ चा, म्हणजे एका लॉटची किंमत साधारण १७ लाख ६२ हजार. समजा तुझा पोर्टफोलिओ २० लाखांचा आणि बीटा, म्हणजे निफ्टी एक टक्का हलला की पोर्टफोलिओ किती टक्के हलतो ते, ०.९, तर निफ्टीच्या हिशोबात तो १८ लाखांचा धरायचा, म्हणून एक लॉट पुरतो. बीटा न बघता नुसते २० लाख धरले की लॉटचा अंदाज चुकतो.

आता फेब्रुवारी एक्स्पायरीचा २३,००० चा पुट, म्हणजे शेवटच्या दिवशी निफ्टी २३,००० च्या जितका खाली तितके पॉइंट देणारा, घेतला आणि प्रीमियम समजा २५० पडला, तर १८,७५० रुपये गेले. २७ फेब्रुवारीला एक्स्पायरी झाली तेव्हा निफ्टी २२,५४५ ला बंद झाला. पुटला ४५५ पॉइंट मिळाले, म्हणजे ३४,१२५, प्रीमियम वजा जाता हातात १५ हजारांच्या वर थोडे. तिकडे पोर्टफोलिओ बीटाप्रमाणे चालला असेल तर साधारण ७३ हजारांनी खाली. २३,५०० पासून २३,००० पर्यंतची पडझड तुझ्याच खिशातून जाते, पुट त्याच्या खालच्या पडझडीलाच धावतो. म्हणून 'विमा' लिही, पण 'सुरुवातीचा तोटा आपला' हेही लिही.

विकास_ऑप्शन: काका एवढे लांबचे घेऊन काय करता, मी रोज हेज घेतो, आयर्न कॉन्डर टाकला की आतले दोन ऑप्शन विकायचे, बाहेरचे दोन विकत घ्यायचे, ब्रोकरकडे अडकणारं मार्जिन बरंच खाली येतं, प्रीमियम जेमतेम ५-१० रुपये.

अनंत काका: विकास, तुझा हेज तू विकलेल्या ऑप्शनचा आहे, शेअरचा नाही. तुझ्या कामाला तो बरोबर. स्नेहलच्या ऑफिसातल्या दुसऱ्या माणसाचं बहुतेक हेच चाललंय, किंवा त्याने ते ऐकून शेअरसाठी खूप लांबचा वीकली पुट घेतलाय. तो दोन-चार दिवसांत विरघळतो. शेअर धरून ठेवणाऱ्याने निदान दीड-दोन महिन्यांचा मंथली घ्यावा असं माझं ठाम मत आहे, रोज प्रीमियम कमी गळतो.

स्नेहल_पुणे: अच्छा, म्हणजे शब्द एक आणि कामं दोन! मी 'शेअरचा हेज' आणि 'मार्जिनचा हेज' असं वेगळं लिहिते. आणि 'सपोर्ट तुटला' कधी म्हणायचं? दिवसात एकदा खाली गेला तरी?

अनंत काका: बरेच जण क्लोजिंग बघतात. १३ जानेवारीला निफ्टी २३,०८६ च्या आसपास बंद झाला, तेव्हा 'तुटला' म्हणायला वाव होता. पण पुट घ्यायला तेवढं थांबलीस तर भाव चढलेला असतो, निफ्टी खाली आला म्हणून आणि विक्स, म्हणजे बाजाराच्या भीतीचा आकडा, तोही वर गेला म्हणून. मी सपोर्टच्या जरा वरच असताना अर्धा भाग घेतो. सपोर्ट टिकला तर तो प्रीमियम गेला समजायचं, ते पैसे खर्चातच धरायचे.

माधुरी_नाशिक: अर्धा कसा घेणार काका? लॉट एकच बसतोय ना २० लाखांत.

अनंत काका: बरोबर पकडलंस, एका लॉटवाल्याला अर्धा जमत नाही. त्याने सगळं घ्यायचं नाहीतर थोडे शेअर विकून कॅश करायची. छोट्या पोर्टफोलिओला मला विकणंच जास्त पटतं.

राहुल७७: माझे तर सगळे स्मॉलकॅप आहेत, मग निफ्टीचा पुट चालेल ना?

अनंत काका: तिथे गडबड आहे. त्याच फेब्रुवारीत स्मॉलकॅप निफ्टीपेक्षा कितीतरी जास्त पडले. बीटा मागच्या वर्षाचा, शांत बाजारातला असतो, पडझडीत तो बदलतो. लॉट वाढवलेस तर प्रीमियम वाढतो, आणि निफ्टी थांबून फक्त स्मॉलकॅप पडले तर पुट काहीच देत नाही.

माधुरी_नाशिक: त्याला हेज म्हणायचं तरी का मग? मी तर 'अंदाजाचं पांघरूण' म्हणेन.

विकास_ऑप्शन: पुट 'घेतला' की 'घेतली' हे पण ठरवा, आमच्या ग्रुपवर दोन्ही चालतं.

स्नेहल_पुणे: मी 'घेतला' लिहिलंय. राहुलच्या स्मॉलकॅपचं काय करायचं ते अजून कुणाला नीट माहीत असेल तर सांगा, माझ्याकडेही चार आहेत.