भांडण झालं की नवरा गप्प! मदत हवी आहे

रविवारी सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या खर्चावरून आमचं वाजलं. तेव्हापासून हा गप्प, आज बुधवार. डबा नेतो, "चहा ठेवलाय" म्हणतो, पण मुद्दा काढला की फोनमध्ये डोकं. मी मागे लागले की आणखी मिटतो. नवरा-बायकोच्या नात्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं वाचलं: अशा वेळी नाडी 100 च्या वर जाऊ शकते, ऐकलेलं डोक्यात शिरत नाही, म्हणून निदान 20 मिनिटं थांबावं, पण पुन्हा बोलायची वेळ ठरवूनच उठावं. थांबणं मला जमलं. "साडेनऊला बोलू" म्हटलं तर नुसतं "हं", आणि साडेनऊला साहेब झोपलेले! (खरंच की सोंग, देव जाणे.) वेळ त्यालाच ठरवू द्यावी, की चिठ्ठी लिहून ठेवू? कुणाचं असं माणूस बोलतं झालंय का? नेमकं कशाने?