मदत हवी आहे: विज्ञान प्रदर्शनाचं पोस्टर लांबून वाचताच येत नाही. चार्ट, मार्कर, बॉर्डरचे रंग सुचवा (तातडीचं)

अनुची_आई
परवा प्रदर्शन आहे. पोस्टर करून झालं, पण बाईंनी आज परत पाठवलं, ‘लांबून काहीच वाचता येत नाही’ म्हणून. मुद्दाम उठून दिसणारे रंग आणले होते. आता कुठला चार्ट, कुठला मार्कर आणि बॉर्डर कशी करायची ते पटकन सांगा. स्टेशनरीचं दुकान नऊला बंद होतं. सविस्तर चर्चा नंतर.

आकडेमोड
चार्टवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट डेटा सिरीज’मध्ये जा. मार्करचा आकार आणि बॉर्डरचा रंग दोन्ही तिथेच बदलतात. पार्श्वभूमी पांढरी ठेवा.

अनुची_आई
अहो, कागदाचा चार्ट! कार्डशीट!

मुक्ता_ना
ताई, हातात काय आहे ते आधी सांगा. कुठल्या रंगाच्या कागदावर कुठल्या रंगाने लिहिलंय? एक शीट की तीन? लोक किती लांबून बघणार?

अनुची_आई
फ्लोरोसेंट केशरी कार्डशीट, लाल मार्कर, उपशीर्षकं हिरव्याने. बॉर्डर सोनेरी ग्लिटर टेप. एकच पूर्ण शीट, आडवी. जवळून झकास दिसतं. आमच्या दारातून बघितलं तर नुसता केशरी कागद.

झगमग
मग चुकलं काय? फ्लोरोसेंटच लांबून दिसतो. रस्त्यावर काम करणाऱ्यांची जाकिटं बघा. मार्कर फक्त जाड घ्या. पांढरं कार्डशीट आणलंत तर पन्नास पोस्टरांत तुमचं कुणाला दिसणारसुद्धा नाही.

पाटीवाले_काका
जाकीट दिसायला हवं असतं, त्यावरचं कुणी वाचत बसत नाही. पोस्टरचं उलट आहे.

फ्लेक्स यायच्या आधी वीस-बावीस वर्षं पाट्या रंगवल्या, म्हणून सांगतो. ऑइलपेंट खालचा रंग झाकतो. मार्करची शाई झाकत नाही, खालचा कागद तिच्यातून दिसत राहतो. केशरी कागदात मुळातच लाल आहे, त्यावर लाल शाई ओढली की लालावर लालच पडलं. फरक उरतो तो जेमतेम, आणि दहा फुटांवर तोही जातो. हिरवा त्या कागदावर चॉकलेटी झाला असेल, बघा. म्हणून रंगीत कागद घेतला की मार्कर काळा, नाहीतर अगदी गडद निळा. बाकीचे रंग दुकानात टोपणावर जसे दिसतात तसे कागदावर उतरत नाहीत.

तपासायचं असेल तर मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. अक्षरं आणि कागद एकाच राखाडी रंगाचे झाले तर ते लांबून जाणारच.

अनुची_आई
केला फोटो. हिरवं दिसतंय, पण मळकट. लाल जवळजवळ गायब. आणि शीर्षकच लाल आहे.

झगमग
काका, पण केशरीवर काळं चालेल ना? तेच म्हणतोय मी. कागद बदलायची गरज नाही.

पाटीवाले_काका
चालेल. रिकामी केशरी शीट असेल तर काळ्याने लिहा, वाचता येईल. पण ट्यूबलाइटखाली मजकूर भरपूर असला की फ्लोरोसेंट डोळ्यांवर येतो. एखाद्या शीर्षकाला ठीक.

पिवळाकाळा
फुकटची चर्चा. पिवळ्यावर काळा, विषय संपला. रेल्वे स्टेशनच्या पाट्या बघा, टॅक्सीच्या नंबरप्लेट बघा.

मुक्ता_ना
खासगी गाड्यांच्या प्लेटी पांढऱ्यावर काळ्या असतात. त्या वाचता येत नाहीत का तुम्हाला?

पिवळाकाळा
येतात, पण पिवळी आधी नजरेत भरते. पेंटरकाकांना विचारा.

पाटीवाले_काका
फिका पिवळा उत्तमच. पण दुकानात ‘पिवळा द्या’ म्हटलं की गडद हळदी पिवळा हातात ठेवतात, त्यावर निळा मार्कर हिरवट-काळा होतो. काळाच वापरणार असाल तर पांढरा आणि फिका पिवळा यांत वाचण्यापुरता फार फरक पडत नाही. आकृतीत रंग भरायचे असतील तर पांढरा घ्या, रंग खरे उतरतात.

छापखाना
एवढी माथेफोड कशाला? टाइप करून फ्लेक्स मारा, अर्ध्या तासात मिळतं.

अनुची_आई
हाताने लिहिलेलंच हवं, शाळेचा नियम आहे. आणि पोस्टर मुलीने करायचंय, मी नाही.

मुक्ता_ना
ताई, अंतर राहिलंच सांगायचं. आणि शीर्षक काय आहे?

अनुची_आई
वर्गातली बाकं जोडून टेबल करतात, पोस्टर मागे भिंतीला. माणूस टेबलापाशी उभा राहिला तर तीन-चार फूट, गर्दीतून बघितलं तर दहा-बारा. शीर्षक: ‘शेवग्याच्या बियांचा वापर करून गढूळ पाण्याचे शुद्धीकरण’. एका ओळीत बसवलंय.

रसायनवाली
‘शुद्धीकरण’ लिहू नका. शेवग्याच्या बियांच्या भुकटीतल्या प्रथिनांमुळे मातीचे कण एकमेकांना धरतात आणि तळाशी बसतात. पाणी नितळ होतं, पण पिण्याजोगं झालं असं नाही, उकळावं लागतंच. परीक्षक नेमकं इथेच धरतात. शिवाय ते पाणी दोन दिवस तसंच ठेवलं तर वास येतो, बियांतले बाकीचे पदार्थ पाण्यात राहतात म्हणून.

गावाकडचा
आमच्याकडे तुरटी फिरवायचे. शेवगा आमटीत टाकायचा असतो.

रसायनवाली
आमटीत शेंग टाकतात. इथे पिकून वाळलेलं बी लागतं, सोललेलं.

मुक्ता_ना
अवांतर पुरे. काका, अक्षर केवढं काढायचं?

पाटीवाले_काका
दहा फुटांवर आरामात वाचायचं तर शिरोरेषेपासून खाली अक्षराचं अंग निदान एक इंच हवं. शीर्षक लांबून ओढून घेणारं हवं, म्हणून त्याला दोन इंच. आता हिशेब बघा. पूर्ण कार्डशीट साधारण 28 बाय 22 इंच असते. त्या शीर्षकात चोवीस अक्षरं, शब्दांमधल्या सहा जागा. कडा सोडून पंचवीस इंच मिळाले तरी एका अक्षराच्या वाट्याला पाऊण इंचाच्या थोडं वर येतं. जोडाक्षरं रुंद, त्यामुळे त्याहूनही कमी. रंग कुठलाही घ्या, हे शीर्षक बारा फुटांवरून दिसणार नाही.

ताईंनी (रसायनवाल्या) म्हटलंय तेच धरून ‘शेवग्याने पाणी नितळ’ करा. नऊ अक्षरं, दोन जागा. दोन-दोन इंच धरले तर बावीस इंचांत बसतं. पूर्ण नाव खाली छोट्या अक्षरांत, दोन ओळींत लिहा. ते टेबलापाशी आलेला वाचेल.

झगमग
आणि मार्कर जाडच घ्या, जेवढा जाड तेवढं चांगलं.

पाटीवाले_काका
इंग्रजी कॅपिटलना चालतं. आपल्या अक्षरांना पोटं असतात. फार जाड ओढलं की ‘ब’च्या पोटातली रेघ बुजते आणि ‘व’ होतो, ‘भ’ आणि ‘म’ सारखे दिसतात, ‘घ’ चा ‘ध’ होतो. उंचीचा सहावा-सातवा हिस्सा जाडी पुरते. म्हणजे दोन इंची अक्षराला सात-आठ मिलिमीटर, एक इंचीला चार. साधा गोल टोकाचा पर्मनंट मार्कर दोन मिलिमीटरच्या आसपास रेघ देतो. त्याने शीर्षक काढायचं तर आधी कडा काढून आत भरावं लागेल. तिरक्या टोकाचा जंबो मार्कर मिळाला तर सोपं. स्केचपेन फक्त आकृतीच्या बारीक कामाला.

ओळींमध्ये जागा सोडा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसले की वाचणारा अडखळतो. एक इंची अक्षराला ओळींत एक इंच मोकळा सोडला तर बरं. आधी पेन्सिलने रेघा मारा.

पिवळाकाळा
मग पोस्टरवर लिहायचं काय? चार ओळीच बसतील.

पाटीवाले_काका
एक इंची अक्षरं फक्त उपशीर्षकांना. बाकी मजकूर अर्ध्या इंचात, तो टेबलापाशी उभा राहिलेल्यासाठी. बारा फुटांवरून सगळंच वाचता यावं असं धरलंत तर पोस्टर होणार नाही.

अनुची_आई
आणि बॉर्डर? ग्लिटर टेप चारही बाजूंना दोन-दोन इंच लावलीये. काढू?

मुक्ता_ना
काढाच. एवढी जागा गेली आणि वर ती चमकते. ट्यूब असेल तिथे प्रकाश टेपवर, अक्षर अंधारात.

लेकीचा_बाबा
एक मिनिट. आमच्या शाळेत सजावटीला वेगळे गुण होते. बॉर्डर नसलेल्या पोस्टरचे गुण कापले. आधी बाईंना विचारा.

मुक्ता_ना
सजावट म्हणजे ग्लिटर असं कुठे लिहिलंय?

लेकीचा_बाबा
परीक्षकांच्या डोक्यात लिहिलेलं असतं.

छापखाना
फ्लेक्सवर बॉर्डर फुकट मिळते.

पाटीवाले_काका
ती केशरी शीट टाकू नका. पांढरी शीट आणा, चारही बाजूंनी एकेक इंच कापा आणि केशरीवर मधोमध चिकटवा. चारही कडांना एक इंच केशरी पट्टी राहील. झगमग यांना हवी ती झगमग आणि गुण मागणाऱ्यांना बॉर्डर. पांढरी आता 26 बाय 20. आत कडेला इंचभर मोकळा सोडलात तरी बावीस इंचांचं शीर्षक बसतं. बॉर्डरचा रंग आत कुठेतरी एकदाच परत घ्या, बाणाला किंवा पाण्याच्या थेंबाला. तिसरा-चौथा रंग नको.

अनुची_आई
हे जमेल. पण केशरी कागदाची मागची बाजू पांढरीच आहे. तीच वापरली तर?

मुक्ता_ना
बघा मागे लाल उतरलंय का.

अनुची_आई
उतरलंय. ठिपके आहेत सगळीकडे.

पाटीवाले_काका
मग राहू द्या. स्पिरिटची शाई आहे, पातळ कागदातून आरपार जाते. नवीन पांढऱ्यावर लिहिताना खाली वर्तमानपत्र घाला. आधी कापलेल्या पट्टीवर एक रेघ ओढून बघा, कडा फुटत असतील तर वेगाने ओढायचं, थांबलं की डाग वाढतो. आणि लिहून झाल्यावरच चिकटवा, पातळ डिंकाने नको, सुरकुत्या येतात. दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप घ्या.

अनुची_आई
पांढरी शीट आणि काळा तिरक्या टोकाचा मार्कर आणला. जंबो नाही मिळाला, मधला मिळाला. अनुने ‘शेवग्याने’ लिहून दाखवलं, कॉरिडॉरच्या टोकावरून वाचता आलं. तिला मात्र शीर्षकाला लाल सावली हवी आहे. देऊ?

झगमग
द्या की, पोरीचं पोस्टर आहे.

पाटीवाले_काका
सावली अक्षराला चिकटवून नको. मध्ये बारीक पांढरी फट सोडून एकाच बाजूला, उजवीकडे-खाली. नाहीतर काळ्याची कड बिघडते आणि ‘ग्या’ चा गोळा होतो.

रसायनवाली
अनुला दोन बाटल्या तिथेच मांडायला सांगा, एक गढूळ, एक नितळ. भुकटी घालून थोडं ढवळून तासभर आधी ठेवावं लागेल.

लेकीचा_बाबा
पोस्टर मागे भिंतीलाच लागणार हे नक्की ना? आमच्या वेळी खिडकीच्या गजांना बांधलं होतं. मागून ऊन आलं की पांढरा कागद काळपट दिसतो.

अनुची_आई
टेबलं उद्या वाटणार आहेत. खिडकी आली तर?

पाटीवाले_काका
मागे पुठ्ठा लावा. साडीच्या खोक्याचा नको, तो वाकतो. टीव्हीच्या खोक्याचा बघा मिळतो का.