सल्ला हवा : सातवीच्या प्रदर्शनासाठी मोटारीचं मॉडेल, बजेट २०००

मृगाचा_पाऊस
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात त्याच्या वाट्याला 'वाफेच्या गाडीपासून पेट्रोलच्या गाडीपर्यंत' हा विषय आलाय. टेबल तीन फूट बाय दोन फूट, बोलायला चार मिनिटं, आणि मॉडेल एकच ठेवता येईल. कुन्योची वाफेची तीनचाकी, बेन्झची पेट्रोलची तीनचाकी की फोर्डची मॉडेल टी? विकत घेऊ की घरी करू? बजेट दोन हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. वीस दिवस आहेत.

गिअरवाला_काका
ताई, डोळे झाकून वाफेचं चालतं इंजिन घ्या. माझ्याकडे जर्मन बनावटीचं आहे, स्पिरिटच्या वडीवर चालतं. सतरा हजारांना पडलं, पण शिट्टी वाजली की सोसायटीतली सगळी पोरं दारात. परीक्षक दुसऱ्या टेबलाकडे फिरकणार नाहीत, लिहून घ्या.

मृगाचा_पाऊस
काका, दोन हजार म्हटलंय हो.

गिअरवाला_काका
एकदाच घ्यायची वस्तू आहे. नातवंडं खेळतील.

लाल_डबा
कुन्योच करा. फ्रान्स, १७६९. जगातली पहिली मोटार आणि पहिला अपघातही तिचाच, भिंतीवर जाऊन आदळली! मग पुढे शंभर वर्षं वाफेच्या गाडीला कोणी हात लावला नाही. गोष्ट म्हणून झकास आहे.

तेलकट_बोटं
लालडबा, अर्धं बरोबर. १७६९ ला छोटी गाडी केली, तोफा ओढणारी मोठी १७७० ची. ती आजही पॅरिसच्या संग्रहालयात उभी आहे. भिंतीची गोष्ट मात्र त्या वेळच्या नोंदींत सापडत नाही, बऱ्याच वर्षांनी कोणीतरी लिहिली आणि मग सगळे तीच लिहीत गेले. मुलाने सांगायचीच तर 'असं म्हणतात' म्हणून सांगावी.

आणि शंभर वर्षं कोणी हात लावला नाही हे तर अजिबात नाही. १८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ट्रेव्हिथिकने इंग्लंडात कॅम्बोर्नच्या चढावर माणसं बसवून गाडी नेली. काही दिवसांनी ती वाटेत बिघडली. गाडी आडोशाला लावून मंडळी जेवायला गेली, खालचा विस्तव विझवायचं राहिलं. बॉयलरमधलं पाणी आटलं आणि गाडी जळून गेली. १८३० च्या दशकात हॅनकॉकच्या वाफेच्या बस लंडनमध्ये भाडं घेऊन धावत होत्या.

ताई, माझं मत विचाराल तर मॉडेल नंतर, आधी प्रश्न ठरवा. १९०० साली अमेरिकेत ४१९२ मोटारी तयार झाल्या. त्यात १६८१ वाफेच्या, १५७५ बॅटरीच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. पहिल्या नंबरावरची वाफ मग हरली कशी? मुलाने एवढं सांगितलं तरी चार मिनिटं पुरणार नाहीत.

सातारी_बाणा
दहा वर्षं जुनी पेट्रोल घेऊ नका. मी घेतली आणि पस्तावलो. हेड गॅस्केट गेलं, वर क्लच प्लेट. त्यापेक्षा थोडे जास्त घालून नवीच घ्या.

मृगाचा_पाऊस
दादा, मॉडेल म्हणजे पुठ्ठ्याचं. 😀

सातारी_बाणा
अरेच्चा. शीर्षक वाचून लिहिलं. तरी सल्ला खराच आहे.

पाणवठा
माझे आजोबा बांधकाम खात्यात वाफेच्या रोडरोलरवर होते. सकाळी आठला काम सुरू व्हायचं असेल तर हे पहाटे पाचला कोळसा टाकायला हजर. आजी म्हणायची, 'तुमच्या रोलरचा चहा माझ्या चहाच्या आधी उकळतो.' पाणी दाखवणारी काचेची नळी ते दर थोड्या वेळाने बघायचे. घरी आल्यावर जेवतानासुद्धा समोरच्या तांब्यात पाणी किती आहे ते बघायची सवय लागली होती. वाफ का हरली ते आम्हाला घरीच माहीत होतं.

तेलकट_बोटं
पाणवठा, हेच तर. पण मोटारी रोलरपेक्षा पुष्कळ पुढे गेल्या होत्या. अमेरिकेतल्या स्टॅन्ली बंधूंची गाडी घ्या. कोळसा नाही, बर्नर होता. तरी थंड गाडी निघायला वीस मिनिटं, अर्धा तास लागे. आधी छोटी ज्योत पेटवायची, तिने बर्नर तापवायचा, मग मोठी आग, मग काट्याकडे बघत बसायचं. एकदा दाब चढला की राणी! गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही. वाफ पिस्टनला जागेवरूनच ढकलते, त्यामुळे उभ्या गाडीला पहिल्या क्षणी पूर्ण जोर. १९०६ साली स्टॅन्लीच्या गाडीने ताशी २०५ किलोमीटर गाठले होते.

पेट्रोल इंजिनाला हे जमत नाही. ते थांबलेलं असताना त्यात जोर शून्य. आधी बाहेरून कोणीतरी फिरवून द्यावं लागतं. म्हणून हँडल, म्हणून क्लच, म्हणून गिअर. आपण गाडी शिकताना ज्या गोष्टींनी घाम फुटतो त्या सगळ्या या एका उणिवेपायी आल्यात.

लाल_डबा
पण वाफेचे बॉयलर फुटायचे ना? लोक घाबरून पेट्रोलकडे वळले.

तेलकट_बोटं
भीती होती, पण स्टॅन्लीचा बॉयलर बाहेरून पियानोच्या तारेने घट्ट गुंडाळलेला असे. पाणी कमी पडलं तर आतल्या नळ्या जळून गळायला लागत, मग गाडी बसली. खरा जाच पाण्याचा होता. १९१५ च्या आधीच्या स्टॅन्लीत वापरलेली वाफ हवेत सोडून देत, म्हणून थोड्या थोड्या मैलांवर घोड्यांच्या हौदावर थांबून टाकी भरा.

माइनकाठ
मी मानहाइमजवळ राहतो. बेर्था बेन्झ ज्या रस्त्याने गेल्या तो आम्ही सुट्टीत गाडीने केला. ऑगस्ट १८८८, मानहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. बरोबर दोन मुलगे, १५ आणि १३ वर्षांचे. नवऱ्याला न सांगता निघाल्या. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोईन घेतलं, ते डाग काढायला वापरत. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. ते दुकान अजून आहे, बाहेर फोटो काढलाय, हवा तर टाकतो.
ताई, बेन्झचं धातूचं मॉडेल इथे नव्वद युरोला मिळतं. अगदी हुबेहूब.

मृगाचा_पाऊस
नव्वद युरो म्हणजे कितीही हिशेब केला तरी दोन हजार होत नाहीत.

तेलकट_बोटं
माइनकाठ, त्या प्रवासातली एक गोष्ट राहिली. बेन्झच्या गाडीला रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवतीचं पाणी उकळून उडून जायचं, म्हणून बेर्थाबाईंनाही वाटेत पाणी भरत जावं लागलं. पेट्रोलची पहिली गाडीही पाणी प्यायची! आणि चढाला जोर कमी पडला की मुलांनी उतरून ढकलायची. एका सिलिंडरची, कमी जोराची गाडी ती. मग कार्ल बेन्झने चढासाठी आणखी एक गिअर बसवला.

ताई, घरीच करायचं तर बेन्झ करा. मागे आडवं झोपवलेलं मोठं चाक असतं, तेच हाताने फिरवून इंजिन चालू करायचे. पुठ्ठा, सायकलचं जुनं बेअरिंग, एक रबरी पट्टा. सहाशेत होईल. मुलाने ते चाक फिरवून दाखवलं की वाफ आणि पेट्रोल यांतला फरक हातात येतो.

गिअरवाला_काका
शिट्टी नाही वाजणार.

लाल_डबा
बाय द वे, आपल्याकडची पहिली मोटार जमशेटजी टाटांची, १९०१.

पाणवठा
१८९८ लाच मुंबईत मोटारी आल्या होत्या म्हणतात. टाटा हे मोटार घेणारे पहिले भारतीय.

लाल_डबा
म्हणजे पहिलीच की.

पाणवठा
नाही हो, माणूस पहिला. मोटार नाही.

मृगाचा_पाऊस
ते वेगळ्या धाग्यावर घ्या प्लीज. एक सांगायचं राहिलं, आजच शाळेची चिठ्ठी आली : ज्योत, स्पिरिट, पेट्रोल, काहीही पेटवायचं नाही.

गिअरवाला_काका
हे आधी सांगायचं ना! मी इंजिन साफ करून ठेवलं होतं द्यायला.

मधली_सुट्टी
मॉडेल टी घ्या, विषय तिथेच संपतो. १९०८ ला ८५० डॉलरला आली, पुढे ३०० च्या खाली उतरली. स्वस्त झाली म्हणून पेट्रोल जिंकलं, बाकी सगळं पाल्हाळ.

तेलकट_बोटं
स्वस्ताईचा वाटा मोठा, कबूल. पण ती सुरू करताना लोकांचे हात मोडत होते. आधी ठिणगीचा दांडा वर सारायचा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ते विसरलं तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल मनगटावर येतं. म्हणून जाणते लोक हँडलला अंगठ्याने विळखा घालत नसत, अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला. १९१२ च्या कॅडिलॅकला केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हे संपायला लागलं. वाफेला अर्धा तास, पेट्रोलला एक बटण. मग कोण थांबेल काट्याकडे बघत?

मधली_सुट्टी
फोर्डला तो स्टार्टर बरीच वर्षं नव्हता, तरी धडाधड खपल्या. मग?

तेलकट_बोटं
हा मुद्दा आहे तुमचा. विचार करतो.

मृगाचा_पाऊस
सगळ्यांचे आभार. रागावू नका, कुन्योच केली, तीही घरी. लेकाने चित्र बघून ठरवलं. कुन्योचा बॉयलर पुढच्या चाकाच्याही पुढे लटकतो, ते बघून म्हणाला, 'आई, ही नाकावर पडेल.' म्हणून तेच दाखवायचं ठरलं. पुठ्ठ्याची गाडी, बॉयलर म्हणून पाणी भरलेला पत्र्याचा डबा. मागे काही नसलं की थोडा धक्का लागला तरी नाकावर येते. मागे तोफेच्या जागी वरवंटा ठेवला की ठाम उभी. पुढचं चाक वळवताना डबाही बरोबर वळवावा लागतो, तेव्हा दोन बोटांनी होत नाही, अख्खा पंजा लागतो. पुठ्ठा, चाकं, डिंक धरून ३४० रुपये झाले. वरवंटा घरचा.

तेलकट_बोटं
छान केलंय, पण पेट्रोलचा अर्धा विषय गेला की.

मृगाचा_पाऊस
शेजारी जुन्या शिवणयंत्राचं हँडल ठेवतोय. अंगठा कुठे ठेवायचा ते तो परीक्षकांना करून दाखवणार आहे. काल दिवसभर मलाच शिकवत होता.

माइनकाठ
औषधाच्या दुकानाचा फोटो प्रिंट काढून लावा, पाठवलाय.

गिअरवाला_काका
शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून देऊ का? त्याला तर शाळेची ना नसेल.