जुन्या सागवानी दाराचं मॉर्टाईज कुलूप काढायचंय, पण पट्टीवर स्क्रूच दिसत नाहीत. सल्ला हवा

मृणाल_ठाणे
बेडरूमचं दार, सागवानी, जाडी ३५ मिमी. त्यात दाराच्या जाडीत बसवलेलं जुनं कुलूप आहे: वर हॅण्डल, खाली किल्लीचं भोक, दोन्ही बाजूंना लांब पितळी प्लेट. हॅण्डल दाबलं तरी जीभ पूर्ण आत जात नाही, कधी आतच अडकून बसते. कुलूप काढून बदलायचं आहे.
अडचण अशी की दाराच्या काठावर जी उभी पट्टी आहे (लांबी १७५ मिमी, रुंदी २२), तिच्यावर एकही स्क्रू दिसत नाही. काठाला निदान चार-पाच हात ऑइल पेंट दिलेला असावा. दार न फोडता हे कसं काढायचं आणि नवं कुठलं घ्यायचं? बजेट सगळं मिळून १५०० रुपये.

दादरकर
सरळ बोटाच्या ठशाने उघडणारं डिजिटल लॉक घ्या. आठ-नऊ हजारांत चांगलं येतं, किल्लीची कटकटच नाही. मी दोन्ही दारांना तेच लावलंय.

मृणाल_ठाणे
बेडरूमला? आणि बजेट १५०० लिहिलंय हो.

अण्णा_सुतारकाम
आधी स्क्रू शोधू, खरेदीचं नंतर.
दार उघडं ठेवा आणि खाली पाचर मारा. हॅण्डल काढल्यावर दार वाऱ्याने बंद झालं तर आतला माणूस आतच राहतो, म्हणून हे पहिलं.
आता खोलीतला दिवा बंद करून टॉर्च काठाला जवळजवळ टेकवा, उजेड पट्टीवरून आडवा जाऊ द्या. समोरून बघितलं तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र जिथे स्क्रूची खाच रंगाने भरलीय तिथे रंग किंचित खचलेला दिसतो, बारीक खळगी किंवा गोल कडा. वरच्या आणि खालच्या टोकापासून साधारण १० ते १५ मिमीवर, पट्टीच्या मधल्या रेषेत बघा. तिथे ब्लेडच्या कोपऱ्याने हलकं खरवडलं की धातूचा गोल आणि मधली खाच उघडी पडेल. पूर्ण पट्टी खरवडत बसू नका, ही दोन ठिकाणं पुरतात.

वाकडी_खिट्टी
एवढं कशाला? फ्रिजवरचं चुंबक पट्टीवरून फिरवा, स्क्रू असेल तिथे चिकटेल. मग डब्ल्यूडी-४० भरपूर मारून रात्रभर ठेवा, सकाळी हाताने फिरतील.

अण्णा_सुतारकाम
चुंबकाचं अर्धं खरं आहे. पट्टी पितळी आणि स्क्रू लोखंडी असतील तरच ते सांगेल. पितळी पट्टीला पितळी स्क्रू असतील तर कुठेच चिकटणार नाही आणि तुम्ही समजाल की स्क्रू नाहीतच. पट्टी लोखंडी असेल तर सगळीकडेच चिकटेल. चुंबक ठरावीक जागीच चिकटलं तर विश्वास ठेवा, नाही चिकटलं तर ठेवू नका.
तेलाचं म्हणाल तर स्क्रू लाकडात घट्ट आहे, तिथे तेल काय करणार? डोकं पट्टीला गंजून धरलं असेल तर एक थेंब ठीक. भरपूर मारलंत तर लाकूड पिईल, डाग पडेल, वर पॉलिश धरणार नाही.

वाकडी_खिट्टी
आमच्याकडे तेलानेच निघाले. काय करणार बोला.

नाशिकची_सून
आमच्या मुख्य दाराच्या कुलपाची किल्ली आत तुटली होती, चावीवाल्याने दहा मिनिटांत काढली. ताईंनी चावीवाला बोलवावा.

लेस्टरवासी
इथे इंग्लंडमध्ये जुन्या दारांना बऱ्याचदा दोन पट्ट्या असतात, एकावर एक. वरची फक्त शोभेची, दोन बारीक स्क्रूंनी आतल्या पट्टीला धरलेली. ती काढली की खाली दुसरे दोन जाड स्क्रू दिसतात, तेच कुलूप लाकडाला धरतात. वरचे काढून लोक पक्कड घेऊन ओढत बसतात, लाकूड फाटतं, खरे स्क्रू तसेच. आणि सिलिंडरचं कुलूप असेल तर पट्टीच्या मधोमध एक लांब स्क्रू असतो, तो आधी काढावा लागतो.

अण्णा_सुतारकाम
लेस्टरवाल्यांचा पहिला मुद्दा नोंदवून ठेवा. सिलिंडरचं इथे लागू नाही, ताईंच्या कुलपाला साध्या किल्लीचं भोक आहे.
दोन पट्ट्या आहेत का हे ओळखायला टोकाशी रंग थोडा काढा आणि पट्टीची जाडी बघा. मध्ये बारीक रेघ असेल, ब्लेडचं टोक शिरत असेल, तर दोन. दुसरी खूण स्क्रू काढतानाची. चार-पाच फेऱ्यांत बाहेर आला, बुटका आणि बारीक आट्यांचा निघाला, तर तो पट्टीला पट्टी धरणारा. लांब, टोकाकडे निमुळता होत गेलेला निघाला, तर तो लाकडातला.

मृणाल_ठाणे
अण्णा, टॉर्चने काम केलं! वर १२ मिमीवर आणि खाली १४ मिमीवर खळगी दिसली. खरवडल्यावर दोन्हीकडे सपाट खाचेचे स्क्रू. चुंबक लावून बघितलं, कुठेच चिकटलं नाही. पट्टी एकच आहे, मध्ये रेघ नाही. पण खाचेत रंग दगडासारखा बसलाय, स्क्रू ड्रायव्हर धरतच नाही.

अण्णा_सुतारकाम
म्हणजे पितळी स्क्रू. पितळ मऊ असतं, जोर केला की खाच पिचते किंवा डोकंच तुटतं, त्यामुळे इथे घाई नको.
जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा मोडून त्याच्या टोकाने खाच तळापर्यंत साफ करा. तळात रंग राहिला तर स्क्रू ड्रायव्हर वर तरंगतो आणि घसरतो. मग खाचेच्या पूर्ण रुंदीचं टोक असलेला स्क्रू ड्रायव्हर घ्या. घरातला टेस्टर चालणार नाही, खाचेच्या कडा तोच खातो. सरळ टेकवून मागून हातोडीने दोन-तीन हलके टोले द्या. पहिली हालचाल घट्ट करायच्या दिशेने, अगदी केसभर, आणि मग उलटी. रंगाची पकड तेवढ्यानेच सुटते.
तरी नाही हलला तर सोल्डरिंगची तापलेली इस्त्री डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा, थंड होऊ द्या, परत प्रयत्न करा.

दादरकर
आणि नाहीच निघाला तर ड्रिल. एवढ्या मेहनतीत डिजिटल लॉक बसून झालं असतं.

वाकडी_खिट्टी
पेंट रिमूव्हर लावा, सगळा रंग एकदमच निघेल.

अण्णा_सुतारकाम
रिमूव्हर लावायचा तर फक्त खाचेत, काडीने. पॉलिशला लागला तर तेही उतरेल. आणि जुना ऑइल पेंट आहे, त्यात शिसं असू शकतं. पॉलिश पेपरने घासून धूळ करू नका, खरवडलेलं कागदावर गोळा करून टाका.

मृणाल_ठाणे
वरचा स्क्रू निघाला, सव्वा इंच लांब, निमुळता. खालच्याचं डोकं एका बाजूने तुटलं. 😩 सोल्डरिंगची इस्त्री नव्हती, थोडा जोर केला.

अण्णा_सुतारकाम
होतं असं. आता खाचेचा नाद सोडा. डोक्याच्या बरोबर मधोमध पंचने खूण करा, आधी ३ मिमी ड्रिल, मग ५ मिमी, हळू वेगाने. स्क्रू लाकडातून काढायचा नाही, फक्त डोकं पट्टीपासून सुटेपर्यंत. डोकं ड्रिलच्या टोकाला कड्यासारखं फिरायला लागलं की थांबा. स्क्रूची दांडी लाकडात राहू दे. कुलूप बाहेर आल्यावर ती थोडी वर दिसेल, पक्कडीने धरून फिरवा.

मृणाल_ठाणे
केलं. डोकं सुटलं. पण कुलूप तसूभर हलत नाही. काठावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून उचकटू का?

अण्णा_सुतारकाम
अजिबात नाही! काठाची कपची उडेल आणि ती नव्या पट्टीखाली लपणार नाही.
तीन गोष्टी बघा. दोन्ही बाजूंची हॅण्डलं आणि त्यांच्या मधली चौकोनी दांडी काढलीत का? ती कुलपाच्या आरपार जाते, ती असेपर्यंत कुलूप सरकणारच नाही. किल्ली भोकात राहिली नाही ना? आणि प्लेटचे स्क्रू नीट बघा. काही प्लेटना एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूला आवळलेले लांब बोल्ट असतात, तेही कुलपातून आरपार जातात.
मग पट्टीच्या चारी बाजूंनी धारदार ब्लेडने रंगाची रेघ कापा. दांडीच्या भोकातून जाड स्क्रू ड्रायव्हर आरपार घाला, दोन्ही बाजूंना बाहेर राहील असा, आणि काठाच्या दिशेने एकदा इकडून एकदा तिकडून हलके टोले. पकड सुटली की कुलूप दोन-चार मिमी पुढे येईल. स्क्रू ड्रायव्हर लाकडातल्या भोकाच्या कडेला टेकला की तिथेच थांबा, नाहीतर ते भोक फाटेल. पुढे पट्टीच्या टोकांना धरून ओढा.

मृणाल_ठाणे
दांडी काढली होती. बोल्टचंच होतं! आतल्या बाजूच्या प्लेटला चार स्क्रू, त्यातले दोन लांब बोल्ट निघाले, मी चारही लाकडी स्क्रू समजून दोनच काढले होते. आता कुलूप हातात आहे. स्क्रूची उरलेली दांडी पक्कडीने निघाली.

लेस्टरवासी
छान. आता नवं घेताना पट्टीच्या काठापासून दांडीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, आणि दांडी ते किल्लीचं भोक. तिथे मेळ नसेल तर प्लेट, भोकं सगळं बदलावं लागतं.

दादरकर
सिलिंडरचंच घ्या, किल्ली लहान येते.

नाशिकची_सून
हो, सिलिंडरचंच. दादरकर म्हणतात ते बरोबर.

अण्णा_सुतारकाम
माझंही मत नवं घ्यावं असंच. या वयाच्या कुलपाची स्प्रिंग एकदा गेली की परत जाते.

मृणाल_ठाणे
मोजलं. माझं काठापासून दांडी ५० मिमी. दोन दुकानांत जे आवडलं ते ६० चं होतं, म्हणजे हॅण्डलची नवी भोकं आणि जुनी प्लेटबाहेर उघडी. शिवाय कुलपाचं पोट जास्त खोल, पटाशी मारावी लागणार. सुतार बाराशे मजुरी म्हणाला.
म्हणून जुनंच उघडलं. आडवं ठेवून आधी फोटो काढला, मग झाकणाचे स्क्रू काढले. जिभेमागची स्प्रिंग दोन तुकड्यांत, आणि वंगणाचा काळा डिंक झालेला. रॉकेलने धुतलं, हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीची स्प्रिंग आणून कापून बसवली, ३० रुपये. स्क्रूच्या दोन्ही भोकांत बांबूची काडी फेविकॉल लावून ठोकली, उद्या वाळली की नवे पितळी स्क्रू आवळते.

अण्णा_सुतारकाम
स्प्रिंग कापलीत त्या टोकाला पीळ बंद केलात ना? उघडं टोक आत घासतं, मग जीभ परत अडकेल.

मृणाल_ठाणे
नाही केला. परत उघडते.

दादरकर
म्हणूनच म्हणत होतो डिजिटल.