ऑफिसमधल्या दादांचं अप्रेजल कसं लिहिता? तुमचे अनुभव सांगा

मार्च आला की आमच्याकडे अप्रेजलचे फॉर्म निघतात. पुण्यात स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे, २२ माणसं, मी ॲडमिन बघते. इंजिनियर, ड्राफ्ट्समन यांचे फॉर्म भरायला काही वाटत नाही, प्रोजेक्ट समोर असतात. अडतं ते आमच्या दादांपाशी. हुद्दा ऑफिस असिस्टंट, आमच्याकडे १४ वर्षं आहेत. त्यांच्या के.आर.ए.मध्ये ९ कामं लिहिलीयत, ऑफिस उघडणं, चहा, टपाल, बँक, झेरॉक्स वगैरे. गेल्या वर्षी मी त्यांना ५ पैकी ३ दिले, 'अपेक्षेप्रमाणे'. तक्रार एकही नव्हती, पण खास म्हणून लिहायलाही काही सुचलं नाही. ते ३ मला आता खुपतात, म्हणून हा धागा.

झालं असं की मे महिन्यात ते पुतणीच्या लग्नासाठी ११ दिवस गावी गेले. तिसऱ्या दिवशी प्लॉटरचा रोल संपला, नेमकं त्याच संध्याकाळी महापालिकेचं सबमिशन होतं. दोन रोल उरले की दादा फोन करून मागवून ठेवतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आम्हाला वाटायचं रोल असतातच. मग एक चेक बँकेतून परत आला, सही एकच होती, दोन हव्या होत्या. दादा स्लिप भरताना तारीख, सही, अक्षरी रक्कम बघून घेतात आणि चुकीचा असेल तर तिथूनच अकाउंट्सला परत देतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे साइटवर नवीन ड्रॉइंग गेलं पण जुनं परत आलंच नाही. फुटिंगचं ड्रॉइंग बदललं होतं, आर-२ चं आर-३ झालं होतं, आणि साइटवर दोन्ही कागद पडून. इंजिनियर दुसऱ्या दिवशी सहज गेला म्हणून दिसलं, नाहीतर मुकादमाने जुन्यावरून सळई कापली असती. दादा नवीन प्रिंट देतात तेव्हा जुनी मागून घेतात, त्यावर 'रद्द' असा शिक्का मारतात आणि पोचेवर रिव्हिजन नंबर लिहून सही घेतात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी आपलं आपण सुरू केलं होतं.

ते परत आल्यावर त्यांना एक वही दिली आणि तीन आठवडे जे जे कराल ते लिहा म्हटलं. ४१ कामं निघाली. आता यावर्षी फॉर्म भरायचाय आणि ही ४१ कामं त्या पाच रकान्यांत कशी बसवायची कळत नाहीये. तुमच्याकडे कसं करता, कुणी आधी केलंय का, सविस्तर लिहा.

नाशिकचा_अकाउंटंट

आमच्याकडे सोपं केलंय, प्रत्येक जादा कामाला एक पॉइंट. ४१ कामं म्हणजे ४१ पॉइंट, त्यावर इन्क्रिमेंट. वही ठेवायची आणि महिन्याला बेरीज. पारदर्शक आहे, कुणी भांडत नाही.

सेवानिवृत्त_लेखनिक

वही चांगली, पण बेरीज करू नका. मी ३१ वर्षं सरकारी कार्यालयात काढली, त्यातली शेवटची बारा आस्थापनेवर. मोजणी सुरू झाली की माणूस मोजता येणारी कामं करतो, जुनं ड्रॉइंग परत मागणं आणि कुंडीला पाणी घालणं दोन्हीला एकच पॉइंट, मग साइटवर हुज्जत कोण घालेल? ते काम झालं नसतं तर कुणाचं काय अडलं असतं ते विचारा. त्या ४१ मधून सात-आठच उरतील, पण ती पूर्ण वाक्यात, तारखेसह लिहिता येतील.

दुसरं, विश्वासूपणा मनात ठरवू नका, त्याचा कागद ऑफिसातच असतो. आमच्याकडे प्यून बुक असायचं, पत्र दिलं की समोरच्याची सही. वर्षाच्या शेवटी मी ते चाळायचो, किती पत्रं गेली आणि किती सह्या नाहीत. एका शिपायाच्या बुकात वर्षभरात दोनच सह्या रिकाम्या होत्या आणि दोन्हीपुढे त्याने लिहिलं होतं, 'कार्यालय बंद, उद्या पुन्हा'. आणि दुसऱ्या दिवशीची सही खाली होतीच. साहेबांनी त्याच्या गोपनीय अहवालात 'समाधानकारक' एवढंच लिहिलेलं. मी तो बुक साहेबांपुढे नेऊन ठेवला तेव्हा त्यांनी शेरा बदलला. तुमचं आवक-जावक रजिस्टर काढा, त्यात उत्तर आहे.

आणि भरलेला फॉर्म त्यांना वाचायला द्या. पूर्वी अहवाल गुप्त राहायचे, वाईट शेरा तेवढा कळवायचे. २००८ साली देव दत्त प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, चांगला असला तरी, कारण 'चांगला' सुद्धा प्रमोशनला आडवा येऊ शकतो जेव्हा 'अतिशय चांगला' लागतो. खाजगी ऑफिसला ते लागू नाही पण तुमचे ते ३ असेच आहेत, दिसायला निरुपद्रवी.

ठाण्याची_वर्षा

बाई आहेत आमच्याकडे घरी, आठ वर्षं, सगळं न सांगता करतात, त्यांना किती वाढ द्यावी? १० टक्के बरोबर का?

धागाकर्ती

वर्षाताई, हे ऑफिसच्या अप्रेजलबद्दल आहे हो, घरकामाचा वेगळा धागा काढा, तिथे लोक नीट सांगतील. लेखनिककाका, रजिस्टर काढलं. गेल्या वर्षी दादांनी २१२ पाकिटं-रोल पोचवले, पोच नसलेली ३. मला आकडा बघून गप्पच बसावं लागलं, हे माझ्या टेबलाच्या मागच्या कपाटात होतं.

कारखाना_एचआर

विश्वासू म्हणजे हजेरी, एवढं सरळ आहे. आमच्या चाकणच्या प्लांटला हाउसकीपिंग आणि ऑफिस स्टाफला ९५ टक्क्यांवर हजेरी असेल तर एक रेटिंग वर. तुमचे दादा ११ दिवस गेले आणि ऑफिस कोलमडलं, मग ते विश्वासू कसे? बॅकअप नव्हता त्यांचा.

डेंटल_असिस्टंट

मी स्वतः असिस्टंट आहे, क्लिनिकमध्ये, म्हणून राहवत नाही. हजेरीचं बोलताय पण मला गेल्या वर्षी डेंग्यू झाला, १२ दिवस, त्यावरून माझं रेटिंग खाली आलं. त्या आधीच्या चार वर्षांत रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या पेशंटना मी फोन केलेत, क्राउन लॅबमधून आलंय का ते आधी बघून, कारण क्राउन नसताना पेशंट आला तर त्याची सुट्टी फुकट आणि डॉक्टरांची खुर्ची रिकामी. हे काम माझ्या कागदावर कुठेच नाही. आजारी पडले तेव्हा मी तापातच बहिणीला सांगून लॅबच्या वहीचा फोटो पाठवला, कुणाचं काय कधी येणार सगळं लिहून. त्याला काय म्हणाल? माझ्या मते विश्वासू माणूस म्हणजे अडणार असेल तर आधी सांगणारा. ऑफिसला बॅकअप नाही हा ऑफिसचा दोष, रजेवर जाणाऱ्याचा नाही.

आणि एक अजून. यादी केलीत ते चांगलं वाटतं वाचायला पण आमच्याकडे यादी झाली, आणि पुढच्या वर्षी तीच यादी माझ्या कामात टाईप होऊन आली, पगार तोच. आता फोन राहिला तर बोलणी बसतात, आधी निदान कौतुक व्हायचं. यादी करणार असाल तर पगाराचं आधी ठरवा.

कारखाना_एचआर

आजारपणाचं तुमचं बरोबर आहे, मेडिकल रजा आम्हीही धरत नाही, ते लिहायचं राहिलं. पण हजेरी सोडली तर शंभर माणसांना एका मापाने कसं मोजू? माझ्याकडे २२ नाहीत, प्रत्येकाला वही देऊन चालणार नाही.

कोल्हापूरकर

आम्ही दिवाळीला बोनस देतो सगळ्यांना, शिवाय एक मिठाईचा बॉक्स. त्यात सगळं आलं असं मला वाटतं.

सेवानिवृत्त_लेखनिक

बोनस द्याच, पण जिथे बोनसचा कायदा लागू आहे तिथे किमान ८.३३ टक्के हा हक्कच असतो. तो सगळ्यांना सारखा मिळतो, त्यातून या एका माणसाने काय केलं ते कुठे दिसतं?

धागाकर्ती

काल फॉर्म भरला, कसा भरला ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बघा. ४१ कामं दादांसोबत बसून तीन ढिगांत टाकली. पहिल्यात ती, जी राहिली तर कुणाचा तरी दिवस अडतो, ती ८ निघाली. दुसऱ्यात कुणीही केली तरी चालतील अशी २७, यातली काही आता आम्ही वाटून घेतलीत, पाण्याचा जार मागवणं वगैरे. तिसरा ढीग सांगायला लाज वाटते, ६ कामं घरगुती होती, एका पार्टनरच्या मुलाची फी, गाडीचं पंक्चर, त्यातलं एक माझंच, घरचं गॅसचं पुस्तक. ती फॉर्ममध्ये घातली नाहीत, ती बंद करायची असं पार्टनरना लेखी कळवलं. ती घातली असती तर पुढच्या वर्षी ती नोकरीचा भाग झाली असती.

पहिल्या ढिगातल्या कामांपुढे वाक्यं लिहिली. उदाहरणार्थ, 'एका इंजिनियरच्या ड्रॉवरमध्ये क्लायंटचा १८ नोव्हेंबरचा चेक ११ फेब्रुवारीला दिसला, चेक ३ महिनेच चालतो हे माहीत असल्याने त्याच दिवशी बँकेत भरला.' आठवडाच उरला होता. पुढाकाराच्या रकान्यात 'चांगला' लिहिण्याऐवजी हे लिहिलं. विश्वासूपणाला रकानाच नव्हता, म्हणून जबाबदारीच्या रकान्यात २१२ आणि ३ लिहिले, आणि त्या तिन्हींचं काय झालं तेही, एक कुरियरने हरवलं, दोनदा समोरच्याने सही द्यायला नकार दिला. रेटिंग ४ दिलं. ५ का नाही असं मला मैत्रिणीने विचारलं. संगणकावर रजिस्टर भरायला ते दोन वर्षं टाळतायत आणि मी नसले की कुणाला काही शोधता येत नाही, तेही फॉर्ममध्ये आहे. ते लपवून ५ दिले असते तर बाकीच्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवला नसता.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे फॉर्म त्यांना वाचायला दिला. शांतपणे दोन्ही पानं वाचली. ड्रॉइंगच्या ओळीपाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, जुनी प्रिंट परत येते ती सगळीच माझ्यामुळे नाही. दोन साइटवरचे मुकादम स्वतः जपून ठेवतात, मी गेलो की हातात देतात. त्यांचं पण लिहा." तर ती ओळ बदलली.

अडलंय ते पगारावर. ४ ला जे टक्के आहेत ते सगळ्यांना सारखेच, आणि दादांच्या मूळ पगारावर ते महिन्याला जेमतेम हजार-बाराशे होतात. टक्क्यांऐवजी ठराविक रक्कम द्यावी असं मी पार्टनरना म्हटलंय, किंवा के.आर.ए. बदलून हुद्दा आणि पगार दोन्ही वर न्यावं, डेंटल असिस्टंट ताईंचं वाचल्यावर हे दुसरं मी जास्त जोरात मांडलं. सोमवारी मीटिंग आहे. कुणी असा हुद्दा बदलून घेतला असेल तर पार्टनरना काय दाखवलंत ते रविवारपर्यंत लिहा.

डेंटल_असिस्टंट

मे महिन्यातल्या त्या ११ दिवसांत ऑफिसला काय काय खर्च आला ते कागदावर मांडून न्या. तातडीने मागवलेला रोल, परत आलेल्या चेकचे बँकेने कापलेले पैसे, साइटवर परत मारलेली फेरी. माझ्या डॉक्टरांना रिकाम्या खुर्चीचे तास दाखवले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. पगार अजून वाढला नाहीये, पण ते रेटिंग तरी त्यांनी दुरुस्त केलं.